न सांगणं आणि फसवणं: बालकलाकारांबाबतचा एक हट्टी गोंधळ

‘लहान मुलाला सीनबद्दल काही सांगायचंच नाही, मग बघा कसं नैसर्गिक काम येतं,’ हे वाक्य मराठी सेटवर इतक्या वेळा कानावर पडतं की त्याचा अर्थ कोणी विचारेनासा झाला आहे. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. मुलाला संवाद आधी न देणं ही एक. मुलाशी खोटं बोलणं ही दुसरी. पहिलीचा दाखला देऊन दुसरी सर्रास खपवली जाते.

आईने आरशासमोर घोटून घेतलेल्या पाठांतराबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. समोरचा बोलत असताना मुलाचे ओठ त्याच्या वाक्यावर हलताना दिसले, की अख्खी पटकथा पाठ झाली आहे हे समजावं. शूटिंगआधीचं वर्कशॉप म्हणजे तालीम नव्हे, हेही एका ओळीत: वर्कशॉपमध्ये मुलं एकमेकांना आणि युनिटला सरावतात, सीन बसवायचा नसतो.

आता मूळ मुद्दा. जपानी दिग्दर्शक हिरोकाझु कोरे-एदा मुलांच्या हातात पटकथा देत नाहीत, त्या-त्या दिवशीचे संवाद तोंडी सांगतात. आपल्याकडे हे नाव घेतलं जातं आणि पुढच्याच श्वासात ‘तुझी आई निघून गेली’ असं सांगून मुलाला रडवलं जातं. कोरे-एदांच्या पद्धतीत मुलाला आपण सिनेमात काम करतोय हे पक्कं ठाऊक असतं. फक्त पुढचं वाक्य ठाऊक नसतं.

एक सीन घेऊ. आठ वर्षांची मुलगी गोठ्यात आहे आणि आई सांगते, ‘शेळी विकली.’

न सांगण्याच्या पद्धतीत मुलीला गोष्ट तोंडी, दोन-तीन मिनिटांत सांगायची: तुझी एक शेळी आहे, ती तुझी लाडकी आहे, घरात पैशाची ओढाताण आहे. खरी शेळी मांडवामागे चरते आहे, हे तिला दाखवून ठेवायचं. आई काय बोलणार ते सांगायचं नाही. तिच्या हाताला काम द्यायचं: दाव्याला बसलेली गाठ सोडव. गाठ खरोखर घट्ट हवी, नाहीतर हात लगेच रिकामे होतात आणि मूल ‘अभिनय’ करायला लागतं. पुढच्या सूचना मुलीला नाही, आईचं काम करणाऱ्या नटीला कानात द्यायच्या. क्लोजअप आधी मुलीचा घ्यायचा, नटीचा नंतर. ‘अ‍ॅक्शन’ ओरडायचं नाही, तालमीच्या नावाखाली कॅमेरा सुरू ठेवायचा. वाक्य ऐकल्यावर गाठीवरची बोटं थांबतात. तेवढंच हवं असतं. रडू आलंच पाहिजे हा आपला हट्ट आहे, प्रेक्षकाचा नाही.

या पद्धतीची खोट दुसऱ्या टेकला दिसते. मुलीला आता वाक्य माहीत आहे, म्हणून ते यायच्या आधीच ती मान वर करते. तिला ‘पहिल्यासारखं कर’ म्हणणं हा सर्वात वाईट उपाय. नटीचं वाक्य बदलायचं, ‘दावं राहू दे आता’ एवढंच म्हणायला लावायचं, किंवा गाठ बदलायची. तीन-चार टेकनंतरही जमलं नाही तर सीन पुढे ढकलावा. कंटिन्युइटी थोडी बिघडते, पण नटीच्या चेहऱ्यावर कट करून ती झाकता येते.

फसवण्यात मुलीला सांगितलं जातं की शेळी खरंच विकली. ती रडते, आणि लोक मॉनिटरभोवती खूश होतात. पण खरं रडणारं मूल तोंड झाकतं, पाठ फिरवतं, त्याचे शब्द कळत नाहीत. ‘कट’ म्हटल्यावर रडू थांबत नाही. टेक एकच मिळतो. दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं तरी मूल आधी आपल्या खऱ्या आईकडे बघून खात्री करून घेतं. ते बघणं मग प्रत्येक शॉटमध्ये येतं.

हॉलिवूडचं उदाहरण हमखास फेकलं जातं. ‘स्किपी’ (1931) या चित्रपटात जॅकी कूपर या मुलाने रडावं म्हणून दिग्दर्शक नॉर्मन टॉरॉग यांनी त्याच्या कुत्र्याला गोळी घालण्याची धमकी दिली होती. टॉरॉग यांना त्या चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. तेवढंच सांगून लोक थांबतात. कूपर यांनी 1981 मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’. पन्नास वर्षांनंतर त्यांना हेच नाव सुचलं.

आपल्याकडे 2017 च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध तर नाहीच. ‘खरे अश्रू’ निघेपर्यंत वाट बघायला घड्याळातही जागा नाही.

आपण कोणत्या बाजूला आहोत याबद्दल शंका असेल तर कट झाल्यावर मुलीला सगळं सांगून बघावं. ती ‘परत करू?’ म्हणाली तर ते न सांगणं होतं. ती शेळी शोधायला मांडवामागे धावली तर नव्हतं.