एका सेंटिमीटरवरचा चेहरा

माझी एक मैत्रीण इतिहास शिकवते. पुण्यातल्या जुन्या वाड्यांवर पॉडकास्ट करायचं तिनं ठरवलं, नाव ठेवलं ‘वाडा बोलतो’, आणि कव्हरचं काम माझ्याकडे आलं. तिनं विश्रामबागवाड्यासमोर काढलेला फोटो पाठवला: मागे लाकडावरचं कोरीवकाम, पुढे ती हसत उभी. मी खाली नाजूक अक्षरांत, मरून रंगात नाव टाकलं. लॅपटॉपवर ते देखणं दिसत होतं. फोनवरच्या यादीत गेलं आणि नुसता तपकिरी चौकोन उरला.

असं का झालं, ते साध्या गणितानं कळतं. पॉडकास्टचं कव्हर चौरस असतं, सहसा ३००० बाय ३००० पिक्सेलचं. फोनच्या यादीत तेच जेमतेम एक सेंटिमीटर होतं, म्हणजे मूळ चित्रातले ३०० पिक्सेल तिथे एक मिलिमीटरमध्ये मावतात. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा वेगळा दिसतो. ४० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवर ही मर्यादा ०.१२ मिलिमीटर भरते, मूळ चित्रात सुमारे ३५ पिक्सेल. माझ्या अक्षरांच्या रेघा होत्या १२ पिक्सेलच्या! चष्म्याचा नंबर कितीही अचूक असला तरी त्या वेगळ्या दिसणार नव्हत्या.

शिवाय चित्र लहान होताना शेजारशेजारच्या पिक्सेलची सरासरी निघते. ३००० चे १८० केले, तर जवळपास १७ बाय १७ पिक्सेलच्या चौकोनाचा मिळून एकच रंग होतो. कोरीवकामातला उजळ कंगोरा आणि त्याशेजारची काळी खाच एकाच चौकोनात आली की दोन्ही मिळून मधला तपकिरी रंग. मरून अक्षरंही त्याच तपकिरीत विरली. रंग वेगळे होते, पण उजेडाची पातळी जवळजवळ तीच होती. चित्र करड्या छटांत बदलून पाहिलं असतं तर हे आधीच कळलं असतं.

चेहऱ्याचं मात्र वेगळं आहे. १९७३ मध्ये लिओन हार्मन आणि बेला युलेश यांनी अब्राहम लिंकन यांचं चित्र मोजक्या ठोकळ्यांत मोडून दाखवलं. डोळे किलकिले केले किंवा दूर गेलं की ठोकळ्यांच्या कडा पुसट होतात आणि लिंकन ओळखू येतात. चेहऱ्याची ओळख बऱ्याच अंशी मोठ्या गडद-उजळ भागांत असते. पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधल्या प्रयोगात प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतले डोळे पुसले त्यापेक्षा भुवया पुसल्यावर ओळखणं जास्त अवघड गेलं. भुवई म्हणजे कपाळावरचा जाड, गडद पट्टा. चित्र बरंच लहान केलं तरी ती टिकते.

म्हणून फोटोचे तीन सपाट रंगांचे मोठे आकार करायचे ठरवलं. आधी फोटो थोडा धूसर केला, नाहीतर केस आणि त्वचेचे ठिपके ठिपके उरतात. मग उजेडाच्या दोन पातळ्या ठरवल्या: खालच्या पातळीखालचं सगळं गडद, वरच्या पातळीवरचं उजळ, मधलं एका रंगात. पहिल्या फोटोवर हे जमलंच नाही. भर दुपारच्या सावलीतला सपाट प्रकाश होता. नाक नाहीसं झालं, हनुवटी गळ्यात मिसळली, चष्म्याच्या काचेवरच्या चकाकीनं डोळे झाकले. मग तिला घरातल्या खिडकीशी तिरकं बसवून नवा फोटो काढला. एका गालावर सलग सावली पडली, नाकाची कड उमटली. काळी जाड चष्म्याची चौकट आणि भुवया या दोन गोष्टींना मी हात लावला नाही. त्यावरच ती ओळखू येते.

चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत १६०० पिक्सेल ठेवला, आधी तो ९०० होता. फरक तिच्या कुंकवात दिसला. तिची टिकली आठ मिलिमीटरची. आधी ती ४० पिक्सेल, म्हणजे दिसण्या-न दिसण्याच्या काठावर होती. आता ७० झाली आणि यादीतही लाल ठिपका दिसू लागला.

सर्वांत जास्त वेळ अक्षरांनी घेतला. देवनागरी नुसती जाड करून भागत नाही, कारण रेघ जाडावली की आतली पोकळी बुजते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ आणि तिच्या दोन बाजूंच्या फटी एकत्र झाल्या की ‘बोलतो’चा ‘वोलतो’ होतो. ‘ष’ आणि ‘प’चंही तसंच. म्हणून रेघेइतकंच फटीलाही मोजायचं ठरवलं: दोन्ही किमान ८० पिक्सेल. अक्षरांची उंची ५०० ठेवली. ‘वाडा’ वर आणि ‘बोलतो’ खाली घेतलं, कारण ‘वाडा’च्या खाली काहीच लोंबत नाही आणि ‘बोलतो’च्या मात्रांना मधल्या २५० पिक्सेलमध्ये जागा मिळते. ‘जुन्या पुण्याच्या गोष्टी’ ही खालची ओळ मी काढून टाकली. मैत्रिणीला ती हवी होती, पण तेवढी जागा नव्हतीच, आणि यादीत पॉडकास्टचं नाव शेजारी छापलेलंच असतं.

मग चित्र १८० पिक्सेलचं करून फोनवर इतर कव्हरांच्या मधोमध ठेवलं आणि तिच्या आईला दाखवलं. त्यांनी आधी लेकीला ओळखलं, मग ‘वाडा’ वाचलं, आणि ‘बो’पाशी थोड्या थबकल्या. ‘ब’ची तिरकी रेघ आणखी थोडी सरळ केली, फट ९५ पिक्सेलची झाली. दुसऱ्या दिवशी तेच चित्र त्यांच्या शेजारणीला दाखवलं. त्यांनी एका दमात वाचलं.