ज्वेलरला पाठवायचं प्रपोजल: स्ट्रॅटेजी वेगळी, कॅलेंडर वेगळं

दादरच्या एका सराफांना मी सप्टेंबर ते नोव्हेंबरचं सोशल मीडियाचं प्रपोजल पाठवलं, तर काकांचा पहिला प्रश्न, "बरं पण महिन्याला पोस्ट किती?" त्यांचं चुकलं नाही, कारण याआधी त्यांना जी जी पत्रं आली होती त्यात फक्त कॅलेंडरच होतं, बारा रील, आठ पोस्ट, रोज स्टोरी, आणि वर नाव दिलेलं स्ट्रॅटेजी.

कॅलेंडर म्हणजे कुठल्या दिवशी काय टाकायचं. स्ट्रॅटेजी म्हणजे कोणासाठी, का, आणि काय टाकायचंच नाही. ऐकायला सारखंच वाटतं पण लग्नाच्या दागिन्यांचं बघा ना. कॅलेंडरवाला तुळशीचं लग्न बघून त्या आठवड्यात मंगळसूत्र, पाटल्या, तोडे टाकणार, कारण तिथून लग्नं सुरू होतात. पण काकांनीच सांगितलं की ऑर्डरचे तोडे कारागिराकडून यायला तीन-चार आठवडे जातात, आणि दिवाळीत कारागीर गावी. म्हणजे ज्या मुलीचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटी आहे तिची आई नवरात्रातच दुकानात यायला हवी, म्हणून मी लग्नाच्या रील नवरात्रात घेतल्या आणि धनत्रयोदशीला फक्त नाणी आणि हलके, तयार दागिने ठेवले.

पितृपक्षातही तसंच. बरेच जण तेव्हा सोनं घेत नाहीत, तिथे ऑफरवर जाहिरातीचे पैसे घालणं म्हणजे पाण्यात. मी तो पंधरवडा शूटिंगला ठेवला, नथीत मोती ओवणारा हात अगदी जवळून, आणि दागिन्यावरचा HUID, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षरं-आकड्यांचा नंबर, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कसा तपासायचा तो व्हिडिओ. हॉलमार्कचा विश्वास बसला की पुढच्या महिन्यात माणूस भाव विचारायला व्हॉट्सअ‍ॅप करतो.

"काय नाही" मध्ये मी एक ओळ ठळक लिहिली: रीलमध्ये भाव नाही. भाव रोज बदलतो आणि रील महिनाभर फिरत राहते, मग गिऱ्हाईक जुना भाव दाखवून काउंटरवर वाद घालतं. भाव स्टोरीतच, ती चोवीस तासांत जाते.

मोजायचं कसं यातही फरक पडतो. कॅलेंडरचा हिशोब "वीस पोस्ट झाल्या" इथे संपतो, मी मात्र बिलाच्या वहीत एक रकाना मागितला, "कुठून कळलं?", आणि तो काउंटरवरच्या दादांनी भरायचा. तो भरला गेला नाही तर तीन महिन्यांनी माझ्याकडे फक्त व्ह्यूज असतील आणि व्ह्यूजवरून विक्री सांगता येत नाही, हेही पत्रात लिहिलंय. विक्रीचा आकडा मी दिला नाही, भाव वर गेला की हात आखडतात, ते माझ्या हातात नाही.

तुमच्याकडे असं पत्र आलं तर त्यातल्या तारखा आणि आकडे झाकून बघा. खाली काही उरलं तर ती स्ट्रॅटेजी.