मुहूर्त सांगण्याचा हक्क कुणाचा?

आज लग्नाचा मुहूर्त भिंतीवरच्या कॅलेंडरमागे छापलेला सापडतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र तो सांगण्याचा हक्क गावजोश्याचा होता, आणि त्याला कायद्याचाही आधार होता. जोशीपण हे वतन होतं. गावातल्या लग्नाला यजमानाने दुसऱ्या भटजीला बोलावलं, तरी दक्षिणेवर जोश्याचा हक्क राही. ती मिळाली नाही तर तो सरळ दावा लावी.

या हक्काचं बळ त्याच्या साधनांत होतं. पंचांग हाताने लिहिलेलं, चारचौघांना न कळणारं. लग्नघरी पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडत. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटं झाली. वेळ मोजणारा तोच आणि वेळ चांगली की वाईट ते ठरवणाराही तोच.

1831 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून लोक ते शिवेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. पुढे पंचांग घरोघरी गेलं, पण दक्षिणेचा हक्क तसाच राहिला. सत्यशोधक समाजाने 1873 पासून भटजीविना लग्नं लावायला सुरुवात केली, तेव्हा जुन्नरजवळच्या ओतूरच्या जोश्यांनी भरलेला दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी सी. के. बोले यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि न बोलावलेल्या जोश्याला दक्षिणा मागता येईना. लोक त्याला ‘जोशी बिल’ म्हणत.

गंमत अशी की सक्ती गेली तरी मुहूर्त गेला नाही. म्हणजे तो केवळ जोश्याच्या जोरावर उभा नव्हता. दोन घरांच्या सोयरिकीत तारखेवरून कुणी कुणापुढे नमायचं, हा प्रश्न तो परस्पर सोडवतो. नकारही सोपा होतो: ‘पत्रिका जुळत नाही’ म्हटलं की मुलीचा रंग, हुंडा, पगार यांतलं काहीच तोंडाने बोलावं लागत नाही.

नियम मात्र गरजेप्रमाणे वाकले. चातुर्मासात लग्नं टाळायची, हे पेरणी आणि चिखलाच्या वाटांच्या काळात सोयीचंच होतं. आता परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या मुलाची रजा ऑगस्टमध्ये असते, आणि पंचांगंही ‘गौणकाल’ म्हणून त्या महिन्यांतले मुहूर्त देऊ लागली आहेत. शहरात तर क्रमच उलटा झालाय. आधी कार्यालयाच्या मोकळ्या तारखा लिहून आणायच्या आणि मग गुरुजींना विचारायचं, ‘या तारखांतली कुठली चालेल?’ गुरुजी सहसा एक काढून देतात. तीही जमेना तर गोरज आहेच. गायी परतण्याच्या त्या वेळेला बरेच दोष माफ. पत्रिकेवर 12 वाजून 37 मिनिटं छापतात, आणि शेवटचं ‘सावधान’ व्हायला एक वाजून जातो. तेवढ्यावरून लग्न मोडल्याचं काही ऐकलेलं नाही.