आक्षेप नेमका कुठे लागतो?

तत्त्वज्ञानाच्या तासाला घेतलेली टिपणं वर्गात बोलणं झालं त्याच क्रमाने वहीत उतरतात. आधी उदाहरण, मग मागच्या बाकावरून आलेली शंका, मग मूळ युक्तिवाद आणि शेवटी घाईघाईत सांगितलेलं उत्तर. परीक्षेच्या आदल्या रात्री वही उघडली की सगळं लिहिलेलं सापडतं, पण कुठला आक्षेप कशावर होता ते कळत नाही. आपल्या शास्त्रग्रंथांतही पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ओळीनेच येतात. कोणतं उत्तर कोणत्या आक्षेपाला, हे वाचणाऱ्याने डोक्यात धरून ठेवायचं.

युक्तिवादाचा नकाशा हा क्रम मोडतो. एका चौकटीत एकच पूर्ण वाक्य लिहायचं. वर निष्कर्ष, खाली आधारविधानं, आणि प्रत्येक आक्षेपाची रेघ तो ज्याला लागतो तिथेच जोडायची. ऐकायला सोपं आहे, पण खरं काम त्या ‘तिथेच’मध्ये आहे.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा युक्तिवाद घेऊ, कारण तो बहुतेक नीतिशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, तेव्हा सिंगर यांनी तो मांडला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला. टिपणांत तो साधारण असा उतरतो: ‘उपासमार वाईट. आपण पैसे देऊन ती थांबवू शकतो. म्हणून पैसे दिलेच पाहिजेत. उदा. तळ्यात बुडणारं मूल. कॉन्कॉर्ड विमानावर ब्रिटनचा खर्च २७ कोटी ५० लाख पौंड, मदत फक्त १ कोटी ४७ लाख ५० हजार.’

नकाशा काढायला बसलं की पहिला नियम लावायचा: निष्कर्षातली प्रत्येक महत्त्वाची कल्पना कुठल्या ना कुठल्या आधारविधानात आधी आलेली असली पाहिजे. जादूगाराच्या टोपीतून ससा निघतो तशी ती एकदम निघता कामा नये, म्हणून या नियमाला ‘सशाचा नियम’ असंच म्हणतात. टिपणातल्या निष्कर्षात ‘दिलेच पाहिजेत’ आहे, म्हणजे कर्तव्य. आधारविधानांत वाईट आहे, शक्य आहे, पण कर्तव्य कुठेच नाही. ससा पकडला गेला. आता मूळ लेख पुन्हा वाचून हरवलेली विधानं शोधायची. ती भरल्यावर चौकटी अशा दिसतात.

(१) अन्न, निवारा आणि औषधांअभावी होणारे हाल आणि मृत्यू वाईट आहेत. (२) तितकंच नैतिक मोल असलेलं दुसरं काही न गमावता एखादी वाईट गोष्ट टाळणं आपल्या हातात असेल, तर ती टाळणं आपलं कर्तव्य आहे. (३) मदतनिधीला पैसे देऊन आपण असे हाल टाळू शकतो. (४) चैनीच्या वस्तूंचे पैसे दिल्याने तितक्या मोलाचं काही गमावलं जात नाही. निष्कर्ष: ते पैसे देणं आपलं कर्तव्य आहे.

चौथं विधान टिपणांत जवळजवळ कधीच नसतं. ते इतकं उघड वाटतं की कुणी लिहीतच नाही. पण दुसऱ्या विधानात ‘तितकंच नैतिक मोल’ ही अट आहे, आणि ती पुरी होते असं सांगणारं कुणीतरी हवंच. या चारही चौकटी मिळून एकच कारण होतं, म्हणून त्यांची रेघ एकत्रच वर जाते. एक काढली तर बाकीच्या तिघींचा उपयोग नाही. तळ्यातल्या मुलाचं उदाहरण दुसऱ्या विधानाला आधार देतं, म्हणून त्याची चौकट त्या विधानाच्या खाली येते. कॉन्कॉर्डचे आकडे मात्र या नकाशात बसत नाहीत. सरकारं कशाला किती किंमत देतात हे ते दाखवतात, पण आपल्या निष्कर्षाला त्यांचा आधार लागत नाही. वर्गात सगळ्यांच्या लक्षात नेमकं तेच राहतं, ही गोष्ट वेगळी.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: ‘तळ्यातलं मूल समोर असतं, बंगालमधला माणूस हजारो मैल दूर.’ विद्यार्थी याची रेघ डोळे मिटून निष्कर्षाला जोडतात. जरा तपासू. आक्षेप घेणारा तळ्याचं उदाहरण नाकारतोय का? नाही. कपडे चिखलाने भरले तरी मूल बाहेर काढावं, हे त्याला मान्य आहे. दुसरं विधान खोटं आहे असं तरी तो म्हणतो का? तेही थेट नाही. त्याचं म्हणणं एवढंच की तळ्यावरून त्या सर्वसाधारण तत्त्वावर उडी मारता येत नाही. म्हणजे आक्षेप कुठल्याच चौकटीला लागत नाही, तर तळ्याच्या चौकटीपासून दुसऱ्या विधानाकडे जाणाऱ्या रेघेला लागतो. Argdown या लेखनपद्धतीत हे असं टंकतात:

```
[विधान २]: वाईट टाळणं कर्तव्य आहे.
  <+ <तळं>: बुडणारं मूल काढलंच पाहिजे.
    <_ <अंतर>: तळं जवळ आहे, बंगाल दूर.
      <- <उत्तर>: अंतराने नैतिक फरक पडत नाही.
```

`<+` म्हणजे आधार, `<-` म्हणजे आक्षेप आणि `<_` म्हणजे आधाराच्या रेघेवरच घाव. सिंगर यांचं उत्तर त्या घावाला जोडलेलं आहे: शेजाऱ्याचं मूल दहा यार्डांवर असो की अनोळखी बंगाली माणूस दहा हजार मैलांवर, नैतिकदृष्ट्या फरक नाही. हे उत्तर पटलं नाही, तरी आपण नेमकं काय नाकारतोय ते आता कळतं. आणि अंतराचा आक्षेप जिंकला, तरी दुसरं विधान खोटं ठरत नाही. त्याचा एक आधार गेला, एवढंच. टिपणांच्या ओळींत हा फरक दिसायला जागाच नसते.

‘मदत हे सरकारचं काम’ हा आक्षेप तत्त्वाविषयी वाटतो, पण त्यामागचा युक्तिवाद वेगळा आहे. लोकांनी देणगी दिली की सरकार हात झटकतं, म्हणजे देणगीने एकूण हाल कमी होत नाहीत. तेव्हा तो तिसऱ्या विधानावर गेला. त्यावर सिंगर विचारतात की लोकांनी जास्त दिल्यामुळे सरकार कमी देतं, हे गृहीत कशाच्या जोरावर धरायचं?

सगळ्यांत अडचणीचा आक्षेप म्हणजे ‘हे फारच होतंय, असं वागायचं तर संसार कसा करायचा?’ हा खरोखरच निष्कर्षाकडे बघून सुचतो. पण चार विधानांतून निष्कर्ष निघतोच असं मान्य असेल, तर निष्कर्ष नाकारणाऱ्याला त्यातलं एक तरी नाकारावं लागतं. ‘कुठलं?’ असं विचारलं की वर्गात शांतता पसरते. बहुतेक जण शेवटी दुसऱ्याकडे बोट दाखवतात, आणि रेघ खाली आणून तिथे जोडावी लागते. नकाशा काढणाऱ्याने ही रेघ निष्कर्षाला लटकत सोडली, तर त्याला आक्षेप समजलेला नाही, असं मी धरून चालतो.

या पद्धतीचा उपयोग प्रिन्स्टन विद्यापीठात तपासला गेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात छोट्या गटांतले विद्यार्थी सत्रभर तत्त्वज्ञानातल्या उताऱ्यांचे नकाशे काढत होते, आणि तर्काच्या प्रश्नांत त्यांची प्रगती इतरांपेक्षा जास्त झाली. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, आणि शिक्षकांनी नकाशांवर भरपूर शेरे दिले होते. त्यामुळे श्रेय चौकटी-रेघांचं किती आणि शेऱ्यांचं किती, हे त्या अभ्यासावरून वेगळं काढता येत नाही.

‘फारच होतंय’ला सिंगर यांच्याकडे एक नरम तोड आहे. दुसऱ्या विधानात ‘तितकंच नैतिक मोल असलेलं’ काढून ‘नैतिकदृष्ट्या महत्त्वाचं’ एवढंच ठेवायचं. टिपणात ही एक ओळ असते, ‘सौम्य रूप’, आणि खाली रेघ ओढलेली. नकाशात मात्र एक चौकट बदलली की शेजारची तपासावीच लागते. चौथं विधान आता असं होतं: हे पैसे दिल्याने नैतिकदृष्ट्या महत्त्वाचं काहीच गमावलं जात नाही. नव्या कपड्यांच्या बाबतीत हे सहज टिकतं. मुलीच्या शिकवणीच्या पैशांच्या बाबतीत टिकत नाही, कारण तिचं शिक्षण महत्त्वाचं आहेच, कुणाच्या जिवाइतकं नसलं तरी. म्हणजे सौम्य रूप घेतलं की निष्कर्षही आक्रसतो, आणि वरच्या चौकटीतलं वाक्य ‘चैनीचे पैसे’ या शब्दांची नीट व्याख्या करून पुन्हा लिहावं लागतं.