ड्यूटी, स्पॉट, भूमिका, तास: आवाजाच्या कामाचे पैसे कसे ठरत गेले

‘आवाज छान आहे, रेडिओत का जात नाहीस?’ हे ज्यांना शाळेपासून ऐकवलं जातं, त्यांना पुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या क्षेत्रात महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारी माणसं नेहमीच थोडी होती. बाकीच्यांना पैसे मिळत आले ते कामाच्या एका ठरावीक मापाने, आणि दर पंधरा-वीस वर्षांनी नवं माध्यम आलं की हे माप बदलत गेलं. कुठलं माप कधी आणि का आलं हे समजलं, तर आज एखादा निवेदक चार ठिकाणी कामं का करतो तेही समजतं.

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, ते एका खासगी कंपनीचं होतं. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतलं आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. त्यानंतर कितीतरी वर्षं ‘रेडिओवर असणं’ म्हणजे सरकारी केंद्रावर असणं. तिथे स्टाफ आर्टिस्ट नावाचा एक वर्ग होता. निवेदक, नाट्यकलाकार, वादक यांना करारावर घ्यायचे, कराराची मुदत संपली की तो पुन्हा करायचे. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेतले बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज घराघरांत ओळखीचे झाले, ते आकाशवाणीच्या याच जमान्यात. १९८२ मध्ये स्टाफ आर्टिस्टना नियमित सरकारी कर्मचारी मानण्याचा निर्णय झाला. आवाजाच्या कामात पेन्शनपर्यंतची निश्चिंती मिळालेली पिढी मुख्यतः तीच.

त्याला समांतर दुसरी वाट १९५०च्या दशकातच पडली होती. आकाशवाणीने चित्रपट संगीतावर बंधनं आणली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथले प्रायोजित कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे आणि त्यांच्या टेप विमानाने कोलंबोला जायच्या. १९५२ मध्ये गीतमाला सुरू झाली तेव्हा अमीन सयानींना आठवड्याच्या कार्यक्रमाचे २५ रुपये मिळत. त्यात लिहिणं, बोलणं आणि श्रोत्यांची पत्रं हाताळणं हे सगळं आलं. इथे पगार नव्हता, कार्यक्रमागणिक रक्कम होती, आणि ती जाहिरातदाराच्या खिशातून येत होती. आजच्या फ्रीलान्स आवाजाचं मूळ मला आकाशवाणीपेक्षा या टेपांमध्ये जास्त दिसतं.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि त्यासाठी निवडलेली पहिली तीनही केंद्रं महाराष्ट्रातली होती: मुंबई, पुणे, नागपूर. तिथून मराठी आवाजाला ‘स्पॉट’ हे माप मिळालं. दहा, पंधरा, वीस, तीस सेकंदांचा स्पॉट, त्याची एकदाच ठरलेली रक्कम. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तिथलेही बरेचसे वृत्तनिवेदक आपापल्या नोकऱ्या सांभाळून बातम्या वाचायला जात. प्रदीप भिडे यांचा चेहरा बातम्यांमुळे ओळखीचा झाला, पण त्यांचा आवाज जाहिराती आणि माहितीपटांतूनही तितकाच ऐकू येत राहिला. नोकरी किंवा बातम्या पायाला, आणि वर जाहिराती, ही रचना त्या पिढीत रुळली ती आजवर टिकून आहे.

मराठी स्पॉटचं काम बाहेरून सोपं दिसतं. बहुतेक जाहिराती हिंदीत आधी बनतात आणि मग एकाच दिवशी एकाच स्टुडिओत मराठी, गुजराती, बंगाली अशा आवृत्त्या होतात. हाती येणारं मराठी कधीकधी शब्दाला शब्द ठेवून केलेलं असतं. तीस सेकंदांत ऐकणाऱ्याला समजेल अशा वेगाने साधारण साठ ते सत्तर शब्द बसतात आणि कागदावर ऐंशी असतात. मग काचेपलीकडे एजन्सीची माणसं बसलेली असताना निवेदकच वाक्य उभं करतो, दोन विशेषणं काढतो, क्रियापद पुढे-मागे करतो. ही भाषेची दुरुस्ती बिलात कुठेच दिसत नाही. माझ्या मते मराठी आवाजाचं कौशल्य इथे निम्म्याहून जास्त खर्च होतं आणि त्याची वेगळी रक्कम मागण्याची पद्धत पडायलाच हवी.

आकाशवाणीवर दरम्यान नव्या निवेदकांची नेमणूक आटत गेली आणि गरजेपुरतं एकेका ड्यूटीला बोलावल्या जाणाऱ्या नैमित्तिक निवेदकांची यादी वाढली. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मुलाखत, आणि निवड झाल्यावर ‘वाणी’ हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, अशी त्याची वाट आहे. उच्चार, लेखन, कार्यक्रमांचा क्रम लिहिलेली क्यू शीट वाचणं, आवाज कमी-जास्त करणारा फेडर हाताळणं, एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत शांतता पडू न देणं, हे सगळं त्यात आणि नंतर प्रत्यक्ष ड्यूटीवर शिकायला मिळतं. शिक्षण म्हणून याला आजही तोड नाही. पण एका नैमित्तिक निवेदकाला महिन्यात सहापेक्षा जास्त ड्यूट्या द्यायच्या नाहीत, असा दंडक आहे. अनेक वर्षं राबलेले निवेदक कायम करून घेण्यासाठी न्यायाधिकरणांत गेले, त्या अनुभवातून अशा मर्यादा घट्ट झाल्या. सहा ड्यूट्यांवर घर चालत नाही. म्हणून केंद्रावरचा निवेदक सकाळी शिक्षक, प्राध्यापक किंवा बँकेत असतो आणि संध्याकाळी ‘आपली आवड’ सादर करतो.

खासगी एफएम २००१ मध्ये बेंगळुरूत आणि पुढच्या वर्षी मुंबईत आलं, तेव्हा पगार परत आला. आरजेची नोकरी, रोजचा तीन-चार तासांचा शो, शिवाय जाहिरातदारांसाठीचे कार्यक्रम. २००५ नंतर परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात छोट्या शहरांतही केंद्रं उघडली आणि तिथल्या मुलामुलींना आपल्या बोलीत बोलून नोकरी मिळू लागली. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एकाच कंपनीच्या केंद्रांना परस्परांचे कार्यक्रम वापरण्याची मोकळीक वाढवली. मोठ्या शहरात बनलेला शो छोट्या शहरात लावणं स्वस्त पडतं, आणि त्यातून तिथल्या जागा कमी होतात. नोकरी शोधताना म्हणूनच त्या केंद्रावर दिवसातले किती तास स्थानिक आहेत, हे आधी ऐकून घ्यावं.

डबिंगची मोठी लाट केबल टीव्हीबरोबर आली. १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीतून प्रचंड चालला आणि परदेशी कंपन्यांना भारतीय भाषांतला प्रेक्षक दिसला. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरी आणि कार्टून नेटवर्क भारतात आले, आणि वाहिन्या वाढत गेल्या तसं मुंबईच्या स्टुडिओंत तासन् तास काम साठलं. जुन्या पद्धतीत फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून लूप करायचे, तो पडद्यावर फिरत राहायचा आणि कलाकार एकत्र उभे राहून बोलायचे. संगणकावर मुद्रण आल्यावर प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा झाला. एकाची चूक दुसऱ्याला भोवेना, कलाकार आपापल्या वेळेला येऊन जाऊ लागला, आणि पैसे ‘भूमिके’वर ठरू लागले: मुख्य पात्राचे एपिसोडमागे वेगळे, दुय्यमचे वेगळे, गर्दीतल्या आवाजांचे शिफ्टमागे.

या कामाचं मर्म एका छोट्या वाक्यात दिसतं. पडद्यावरचा माणूस इंग्रजीत ‘आय प्रॉमिस’ म्हणतो आणि कॅमेरा अगदी जवळ आहे. त्याचे ओठ दोनदा मिटतात, ‘प’ला आणि ‘म’ला. मराठीत ‘मी वचन देतो’ हे अर्थाने बरोबर आहे, पण ‘मी’नंतर ओठ मिटतच नाहीत आणि पात्र उसन्या आवाजात बोलतंय हे लगेच कळतं. ‘हा माझा शब्द’ घेतलं तर सुरुवात उघड्या ओठांनी होते, ‘मा’ला एकदा आणि ‘ब’ला एकदा ओठ मिटतात, शेवटी पुन्हा उघडे. थोडं जलद म्हणावं लागतं, पण बसतं. जो कलाकार लेखकाने न पाहिलेलं असं वाक्य टेकच्या आधी सुचवतो, त्याला कलाकारांना कामं देणारा को-ऑर्डिनेटर पुन्हा फोन करतो. शरद केळकरांनी हिंदी ‘बाहुबली’त प्रभासला आणि श्रेयस तळपदेंनी हिंदी ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनला दिलेल्या आवाजामुळे हे काम लोकांच्या बोलण्यात आलं. दोघेही कसलेले अभिनेते आहेत, हे मात्र विसरू नये. डबिंगला छान आवाजापेक्षा अभिनय जास्त लागतो. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत माइकसमोर उभं राहायला शिकता येतं, पण नाटकाच्या तालमीची जागा ती घेऊ शकत नाही. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ किंवा म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखं सामुदायिक रेडिओ केंद्रही शिकायला चांगलं, कारण तिथे चुका करायला वेळ मिळतो.

सगळ्यात नवं माप आहे तासाचं. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पहिल्यापासून होती, आणि मराठी वाचकस्वराला मोठ्या प्रमाणावर काम मिळालं. ऑडिओबुकचे पैसे सहसा तयार तासामागे ठरतात, म्हणजे चुका कापून उरलेल्या शुद्ध ध्वनीच्या तासामागे. एक हिशेब करून पाहू. पन्नास हजार शब्दांचं पुस्तक मिनिटाला एकशे वीस शब्दांच्या वेगाने सात तासांचं होतं. सरावलेल्या वाचकालाही तयार तासामागे दोन ते तीन तास माइकसमोर बसावं लागतं, म्हणजे चौदा ते एकवीस तास. आवाज दिवसाला चार तासांच्या पुढे टिकत नाही, घसा कोरडा पडतो आणि पहिल्या प्रकरणाचा पोत पाचव्यात राहत नाही. तेव्हा चार-पाच दिवस मुद्रणाचे आणि किमान दोन आधी पुस्तक वाचून नावांचे, बोलीचे उच्चार लावून घेण्याचे. समजा तयार तासाला दीड हजार ठरले, तर सात दिवसांच्या कामाचे साडेदहा हजार. त्या कंपनीकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर दहा टक्के टीडीएस कापून ९,४५० हाती येतात. तेही कधी? मुंबईच्या मनोरंजन व्यवसायात नव्वद दिवसांनी पैसे देण्याची जुनी वहिवाट आहे. जूनमधलं काम सप्टेंबरमध्ये घरात येतं.

म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने तीन-चार महिन्यांच्या खर्चाची सोय आधी करावी, आणि काम घेताना माप कुठलं ते लेखी विचारावं. तासाचं असेल तर तयार तास की स्टुडिओतला तास. भूमिकेचं असेल तर कापलेल्या दृश्यांचे पैसे मिळणार का, आणि दिग्दर्शकाने नंतर बदल सुचवले तर पुन्हा यायचे वेगळे का. स्पॉटचा असेल तर तो रेडिओपुरता की टीव्ही आणि इंटरनेटवरही, एका वर्षासाठी की कायमचा. आपल्याकडे एकदाच रक्कम देऊन आवाज कायमचा घेण्याची सवय एजन्सींना आहे, आणि मुदत मागणारा कलाकार त्यांना अडचणीचा वाटतो. तरी मुदत बिलावर लिहावी. पुढच्या वर्षी तीच जाहिरात पुन्हा वाजली, तर नव्या रकमेसाठी बोलायला हातात तेवढा एकच कागद असतो.