ओठांच्या चिरा, पिवळी लघवी आणि रायबोफ्लेविनचा इतिहास

ओठांचे कोपरे फाटले किंवा तोंड आले की डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सची गोळी देतात आणि ती घेतल्यावर काही तासांतच लघवी झगझगीत पिवळी होते. ही दोन्ही चिन्हे एकाच माणसात एकापाठोपाठ दिसत असल्यामुळे ती एकाच कमतरतेची लक्षणे आहेत, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. ओठ फाटणे हे ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, कमी पडल्याचे लक्षण असू शकते, तर पिवळी लघवी हे ते गरजेपेक्षा जास्त झाल्याचे चिन्ह आहे. ही गोष्ट नीट उलगडते ती या पिवळ्या रंगद्रव्याच्या शोधाचा माग काढला की.

दूध फाडल्यावर जे पाणी उरते, त्यात हिरवट-पिवळी झाक असते. अलेक्झांडर विंटर ब्लाइथ या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1879 मध्ये या पाण्यातून ते रंगद्रव्य वेगळे काढले होते, परंतु जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा नसल्यामुळे त्याचे शरीरात काही काम असेल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढचे महत्त्वाचे पाऊल बर्लिनमध्ये पडले. ओटो वारबुर्ग आणि वाल्टर क्रिस्टियान यांना 1932 मध्ये यीस्टमध्ये एक पिवळे विकर, म्हणजे एन्झाइम, सापडले. त्याला हायड्रोजन मिळाला की पिवळा रंग नाहीसा होई आणि ऑक्सिजनचा संपर्क आला की परत येई. रंगाच्या या जाण्यायेण्यातूनच विकराचे काम डोळ्यांना दिसत होते. पुढच्याच वर्षी हायडेलबर्गमध्ये रिचर्ड कून, पॉल ग्यॉर्गी आणि थिओडोर वाग्नर-याउरेग हे उंदरांची वाढ होण्यास आवश्यक असलेला घटक शोधत असताना त्यांच्या लक्षात आले की अर्कात हिरवट-पिवळी चमक जितकी जास्त, तितकी उंदरांची वाढ चांगली होते. त्यांनी अंड्याचा पांढरा भाग आणि दुधाचे पाणी यांतून तो घटक शुद्ध केला. 1935 मध्ये कून यांनी हायडेलबर्गला आणि पॉल कारर यांनी झुरिचला तो प्रयोगशाळेत तयारही केला.

मात्र विकरातले पिवळे द्रव्य आणि शुद्ध जीवनसत्त्व हे तंतोतंत एक नव्हते. स्वीडनचे ह्यूगो थिओरेल यांनी पिवळ्या विकराचे दोन भाग वेगळे केले: एक रंगहीन प्रथिन आणि दुसरे पिवळे द्रव्य. एकटे प्रथिन निष्क्रिय होते, दोन्ही पुन्हा एकत्र केल्यावर विकर जिवंत झाल्यासारखे काम करू लागले. या पिवळ्या भागात रायबोफ्लेविनला एक फॉस्फेट जोडलेले होते. त्यालाच आज आपण एफएमएन म्हणतो. वारबुर्ग आणि क्रिस्टियान यांनी 1938 मध्ये दुसऱ्या एका विकरातून याहून मोठा सहविकर, म्हणजे विकराला काम करण्यासाठी लागणारा जोडीदार रेणू, काढला, तो एफएडी.

आपल्या पेशींत हा बदल दोन पायऱ्यांत होतो. अन्नातले रायबोफ्लेविन बहुतांशी प्रथिनांना चिकटलेल्या एफएडी आणि एफएमएनच्या रूपातच येते. जठरातले आम्ल ते सोडवते, आतड्यातली विकरे त्याचे जोडभाग कापून टाकतात आणि मोकळे रायबोफ्लेविन लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते. पेशीत शिरल्यावर फ्लॅवोकायनेज हे विकर एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला एक फॉस्फेट त्याला जोडते, की एफएमएन तयार होते. त्यानंतर एफएडी सिंथेटेज दुसऱ्या एटीपीमधला एएमपी हा भाग त्यावर बसवते, की एफएडी तयार होते. पहिल्या पायरीचा आणखी एक उपयोग असा की फॉस्फेट जोडलेला रेणू पेशीच्या आवरणातून सहज बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे जीवनसत्त्व आत अडकून राहते. या पायरीवर थायरॉइडच्या संप्रेरकाचा ताबा असतो. म्हणून ते संप्रेरक कमी पडले तर आहारात रायबोफ्लेविन पुरेसे असूनही त्याचे सहविकरांत रूपांतर मंदावते.

माणसातल्या कमतरतेचे चित्र स्पष्ट झाले ते अमेरिकेत. मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग सर्वत्र होता आणि ओठांच्या चिराही त्याच रोगाचा भाग मानल्या जात. अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या सेब्रेल आणि बटलर यांनी 1938 मध्ये 18 स्त्रियांना रायबोफ्लेविन अत्यल्प असलेला आहार दिला. तीन-चार महिन्यांनी त्यांपैकी 10 जणींच्या ओठांच्या कडा लाल होऊन कोपऱ्यांत भेगा पडल्या. पेलाग्रा बरा करणाऱ्या निकोटिनिक आम्लाने या भेगा भरल्या नाहीत, रायबोफ्लेविन दिल्यावर मात्र भरल्या. हा रोग पेलाग्राहून वेगळा आहे, हे त्यातून सिद्ध झाले. अशा प्रयोगाला आज परवानगी मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

मग ओठच का फाटतात? ओठांच्या कडेची त्वचा पातळ असते, सतत नव्याने तयार होते आणि बोलताना, खाताना ताणली जाते. परंतु खरे कारण याहून खोलात असावे. रायबोफ्लेविन कमी पडले की उंदरांच्या यकृतात एफएमएन आधी आणि अधिक घटते, एफएडी तुलनेने टिकून राहते. ब-६ जीवनसत्त्व त्याच्या कामाच्या रूपात आणणारे विकर नेमके एफएमएनवर चालते. त्यामुळे ब-२ कमी पडले की ब-६ आहारात असूनही अपुरे ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या प्रसाद, लक्ष्मी आणि बामजी यांनी 1983 मध्ये दाखवले की या दोन जीवनसत्त्वांच्या अभावी उंदरांच्या त्वचेतले कोलॅजेन हे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन नीट परिपक्व होत नाही, आणि त्वचेवरच्या जखमांमागचे हेच संभाव्य कारण असल्याचे मांडले. मला हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे वाटते, कारण एकट्या ब-२ ने न भरणाऱ्या काही चिरांचा अर्थही त्यातून लागतो. तरीही प्रत्येक चीर या कमतरतेची नसते. लोहाची कमतरता, कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग किंवा नीट न बसणारी कवळी यांमुळेही ओठांचे कोपरे फाटतात. म्हणून शंका असेल तेव्हा तांबड्या पेशींतल्या ग्लुटाथायोन रिडक्टेज या एफएडीवर चालणाऱ्या विकराची चाचणी करतात. नमुन्यात वरून एफएडी घातल्यावर विकराचा वेग 1.4 पटीहून अधिक वाढला, तर त्या माणसाच्या शरीरात सहविकर कमी होते, असे समजतात.

आता लघवीकडे येऊ. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम, आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत मात्र बहुधा 10 मिलिग्रॅम रायबोफ्लेविन असते. ते बरेचसे शोषले जाते, परंतु त्याचे सहविकर करून धरून ठेवायला पेशींत तेवढी प्रथिने नसतात. उरलेले, न बदललेले रायबोफ्लेविन मूत्रपिंडे लगोलग बाहेर टाकतात. त्याच्या रेणूतली तीन कड्यांची रचना निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून लघवी पिवळी दिसते, आणि अतिनील दिव्याखाली धरली तर हिरवट चमकते. औषधाच्या चाचण्यांत रुग्णाने गोळी खरोखर घेतली की नाही हे तपासण्यासाठी गोळीत रायबोफ्लेविन मिसळून ही चमक पाहण्याची पद्धत वापरली गेली आहे.

कमतरतेत घडते ते याच्या अगदी उलट. शरीर उरलेला साठा राखून ठेवते आणि लघवीतले रायबोफ्लेविन दिवसाला 40 मायक्रोग्रॅमच्याही खाली जाते. लघवीचा नेहमीचा फिकट पिवळा रंग तेव्हाही दिसतो, कारण तो जुन्या हिमोग्लोबिनपासून बनणाऱ्या युरोबिलिनचा असतो. गोळीने आलेला पिवळेपणा निरुपद्रवी असतो आणि गोळी बंद केल्यावर साधारण दिवसभरात ओसरतो. गोळी घेतलेली नसताना लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली, तिचा फेस पिवळा दिसला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर वाटला, तर मात्र ती कावीळ असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.