उभे व आडवे स्केलिंग आणि लवचीकता

संगणक-यंत्रणेवरचा भार वाढला की तिची ताकद दोन तऱ्हांनी वाढवता येते. आहे त्या सर्व्हरच्या जागी जास्त कोअर आणि जास्त रॅमचा मोठा सर्व्हर लावणे हे उभे स्केलिंग. तशाच सर्व्हरची संख्या वाढवून काम वाटून देणे हे आडवे स्केलिंग. यंत्रे वाढवली की त्या मानाने कामही जास्त उरकणे, या गुणाला विस्तारक्षमता म्हणतात. लवचीकता हा निराळा गुण आहे. मागणी चढली की साधने आपोआप वाढायची, ओसरली की कमी व्हायची, आणि दोन्ही वेळेवर व्हायचे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या केली, तिच्या पाच आवश्यक लक्षणांत जलद लवचीकता आहे.

येवल्याच्या पैठण्या विकणारे नाशिकमधले एखादे ऑनलाइन दुकान धरून हिशेब मांडू. एरवी साइटवर सेकंदाला २० विनंत्या येतात. प्रत्येक विनंतीला प्रोसेसरचा ०.१ सेकंद लागतो, म्हणजे एक कोअर सेकंदाला १० आणि चार कोअरचा सर्व्हर ४० विनंत्या उरकतो. दिवाळीच्या तोंडावर रात्री ८ वाजता लाइव्हवर साड्या दाखवून लिंक दिली की मिनिटभरात हाच आकडा १६० वर जातो. यंत्र पूर्ण भरून चालवले तर रांग लागते आणि पान उघडेनासे होते, म्हणून कोअर ६० टक्क्यांपर्यंतच वापरायचे असे धरू.

उभ्या मार्गाने जायचे तर १६० विनंत्यांना सुमारे २७ कोअर लागतात, म्हणजे ३२ कोअरचा सर्व्हर घ्यावा लागेल. प्रोग्रॅममध्ये काही बदलावे लागत नाही, ही यातली मोठी सोय. क्लाउडवर सर्व्हर बंद करायचा, प्रकार बदलायचा आणि पुन्हा सुरू करायचा. तेवढी काही मिनिटे दुकान बंद. पण सर्व्हर मोठा झाला म्हणून सेटिंग मोठी होत नाहीत. मायएसक्यूएल या डेटाबेसचे `innodb_buffer_pool_size`, म्हणजे डेटा मेमरीत ठेवायची जागा, मुळात १२८ एमबी असते आणि ते तसेच राहिले तर ६४ जीबी रॅम घेऊनही डेटाबेस जवळजवळ पूर्वीइतकीच मेमरी वापरतो. एका वेळी किती विनंत्या हाताळायच्या हे ठरवणाऱ्या पीएचपीच्या `pm.max_children` चेही तेच. ‘पैसे भरले, फरक पडला नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघते. शिवाय तो एकच सर्व्हर पडला तर सगळेच बंद, आणि सर्वांत मोठ्या सर्व्हरच्या पुढे जायला जागा नाही.

आडव्या मार्गात चार कोअरचे एक यंत्र ६० टक्क्यांवर २४ विनंत्या पेलते, म्हणून १६० ला सात यंत्रे लागतात आणि त्यांच्यापुढे विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर. इथे मात्र प्रोग्रॅमला हात लावावा लागतो. सेशन, म्हणजे ग्राहकाच्या चालू भेटीची नोंद, यंत्राच्या डिस्कवर ठेवले असेल तर ग्राहकाची पहिली विनंती एका यंत्राकडे आणि पुढची दुसऱ्याकडे जाते नि कार्ट रिकामे दिसते. सेशन रेडिस या मेमरीतल्या साठ्यासारख्या सामाईक जागी आणि साड्यांचे फोटो सामाईक स्टोरेजमध्ये हलवायचे. ठरल्या वेळी आपोआप चालणारी क्रॉनची कामे एकाच यंत्रावर ठेवायची, नाहीतर ऑर्डरचा एसएमएस सात वेळा जातो.

यानंतरची अडचण डेटाबेसच्या दारात येते. प्रत्येक यंत्रावर विनंत्या हाताळणारे ३० वर्कर असतील आणि प्रत्येक वर्कर एक कनेक्शन धरत असेल, तर पाच यंत्रांची १५० कनेक्शन होतात. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आहे. सहावे यंत्र आले की `Too many connections` दिसू लागते. म्हणजे मदतीला आणलेल्या यंत्रानेच दुकान अडते. मर्यादा डोळे मिटून वाढवण्याआधी वर्कर मोजावेत. सात यंत्रांत प्रत्येकाकडे सेकंदाला सुमारे २३ विनंत्या येतात आणि विनंती सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ०.३ सेकंद लागत असेल, तर एका वेळी सातच वर्कर गुंतलेले असतात. २० वर्कर पुष्कळ झाले, आणि एकूण कनेक्शन १४० होतात.

विस्तारक्षमतेची खरी कसोटी याहून खोल असते. ‘पहिल्या १०० ग्राहकांना सूट’ अशी योजना असेल तर प्रत्येक ऑर्डर डेटाबेसमधल्या एकाच ओळीला हात घालते:

```sql
UPDATE offer SET baki = baki - 1
WHERE id = 7 AND baki > 0;
```

ओळ बदलताना डेटाबेस तिला कुलूप लावतो आणि ते व्यवहार कमिट, म्हणजे पक्का, होईपर्यंत सुटत नाही. कुलूप ५० मिलिसेकंद धरले तर सेकंदाला जास्तीत जास्त २० ऑर्डर, मग वेबची यंत्रे सात असोत की सत्तर. त्याच व्यवहाराच्या आत पेमेंट गेटवेला विचारले आणि उत्तराला दोन सेकंद लागले, तर दोन सेकंदांना एक ऑर्डर. लक्षण ओळखायला सोपे आहे: यंत्रे वाढवल्यावर वेबचा सीपीयू उतरतो, पण ऑर्डर वाढत नाहीत नि पान तसेच घुटमळते. गेटवेचा कॉल व्यवहाराबाहेर काढणे हा इथला इलाज, आणि त्याला एक रुपयाचेही नवे यंत्र लागत नाही.

आता लवचीकता. सात यंत्रे हाताने लावून १६० विनंत्या पेलणारे दुकान विस्तारक्षम आहे, लवचीक नाही. उलट वरच्या कुलपात अडकलेले दुकान आपोआप यंत्रे वाढवत राहील आणि तरी विस्तारक्षम नसेल. लवचीकता मोजायची ती वेळेत.

आपोआप वाढीचा नेहमीचा नियम, उदाहरणार्थ यंत्रांच्या ताफ्यावर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटीसमधल्या एचपीए या आपोआप वाढवणाऱ्या भागाचा, असा: चालू संख्या गुणिले मोजलेला भार भागिले अपेक्षित भार, आणि उत्तर वरच्या पूर्णांकाला. दोन यंत्रे ६० टक्क्यांवर ठेवायची आहेत आणि ८ वाजता भार उसळतो. गरज सातची आहे, पण सीपीयू १०० टक्क्यांच्या वर दाखवूच शकत नाही. म्हणून २ × १०० ÷ ६०, म्हणजे चारच यंत्रे मागवली जातात. चार चालू झाल्यावरही सीपीयू १०० च, मग दुसऱ्या फेरीत सात. मोजणी, निर्णय, यंत्र सुरू होणे आणि प्रोग्रॅम तयार होणे यांत एका फेरीला चार-पाच मिनिटे धरली तर ८ वाजून ८-१० मिनिटांनी दुकान सावरते. लाइव्हवरून आलेले ग्राहक तोवर निघून गेलेले असतात. वेळ आधीच जाहीर असलेल्या गर्दीसाठी आपोआप वाढीच्या भरवशावर राहू नये. साडेसातलाच सात यंत्रे उभी राहतील असे वेळापत्रक लावावे आणि आपोआप वाढ अनपेक्षित चढउतारासाठी ठेवावी. सीपीयूऐवजी येणाऱ्या विनंत्यांची संख्या मोजली तर वरची चूकही टळते, कारण त्या आकड्याला छत नसते.

कमी होण्यालाही शिस्त लागते. भार जरा उतरताच यंत्र काढले आणि लगेच पुन्हा लागले, असा खेळ टाळण्यासाठी एचपीए मुळात ३०० सेकंद मागचे बघूनच संख्या घटवतो. काढायच्या यंत्राकडे लोड बॅलन्सरने नव्या विनंत्या थांबवायच्या आणि हातातल्या पुऱ्या होऊ द्यायच्या; नाहीतर पैसे कापले गेले आणि ऑर्डर नोंदलीच नाही, असे ग्राहकांचे फोन येतात.

खर्चाच्या बाजूने, सात यंत्रे ३० दिवस सतत ठेवली तर ५,०४० यंत्र-तास होतात. दोन कायम आणि सेलच्या दहा दिवसांत रोज चार तास आणखी पाच, असे चालवले तर १,६४०. डेटाबेस मात्र या दोन्ही हिशेबांबाहेर आहे. अशा दुकानाचा लेखनाचा डेटाबेस सहसा एकच असतो आणि तो उभाच वाढतो. सेलच्या आठवडाभर आधी, पहाटेच्या शांत वेळी, मोठा करून ठेवायचा.